जुनी पांढरी कोरीव वस्तू विकायला काढण्याआधी : हस्तिदंत, हाड की रेझिन?

सोलापुरातले जुने वाडे एकामागोमाग उतरवले जात आहेत. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली आल्या की त्यात हमखास एखादी पिवळसर पांढरी कोरीव वस्तू निघते. कधी कुंकवाचा करंडा, कधी सारीपाटाचे फासे, कधी फणी, कधी बोटभर गणपती. घरात कुणीतरी लगेच म्हणतं, ‘हस्तिदंती आहे, लाखाची वस्तू आहे.’ मग मोबाईलवर फोटो निघतो, जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर किंमत लिहून टाकला जातो, आणि इथेच माणूस अडचणीत येतो. वस्तू खरोखर हस्तिदंताची असेल, तर ‘विकणे आहे’ असं लिहिणंसुद्धा गुन्ह्यात मोडतं. भारतात हस्तिदंत विकता येत नाही. जुना असला, आजोबांचा असला, पावती असली, तरीही नाही.

म्हणून किंमत विचारण्याआधी वस्तू कशाची आहे ते ठरवायचं. हे काम घरी बसून बऱ्यापैकी करता येतं. मुरारजी पेठेतल्या एका ओळखीच्या काकूंच्या ट्रंकेतून निघालेल्या तीन वस्तूंवरून ते सांगतो : चार इंच उंचीचा गणपती, सारीपाटाचे तीन लांबट फासे आणि झाकणाचा करंडा. तिन्ही पिवळसर पांढऱ्या, तिन्ही घरच्यांच्या मते हस्तिदंती.

तयारी

दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. सराफ आणि घड्याळदुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तसलं. शंभर-दोनशे रुपयांचं चालतं. एक टॉर्च, कोरडा मऊ कापूस, आणि एक ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

भिंग घरी आणा, वस्तू बाजारात नेऊ नका. पिशवीत घालून चार दुकानं फिरलात आणि ती हस्तिदंताची निघाली, तर ‘गिऱ्हाईक शोधत होतो’ असंच ते दिसतं. कुरिअरने पुण्या-मुंबईच्या ‘जाणकारा’कडे पाठवणं तर मुळीच नको.

वस्तू आधी धुऊ नका. रेषांत आणि छिद्रांत बसलेला मळ हाच ओळखीचा मोठा पुरावा असतो. शिवाय हस्तिदंत पाणी शोषतो, फुगतो आणि वाळताना तडकतो. कोरड्या कापसाने वरची धूळ टिपली की पुरे.

कोरीवकाम नव्हे, तळ बघा

सगळेजण चेहरा आणि नक्षी बघतात. तिथे कळतं फार कमी, कारण नक्षी कशावरही करता येते आणि साच्यातूनही काढता येते. माहिती असते ती तळाला, काठाला, फुटलेल्या कोपऱ्याला, म्हणजे जिथे मूळ पदार्थ आडवा कापला गेलेला दिसतो तिथे. वस्तू उलटी करा, टॉर्च वरून न मारता बाजूने तिरका धरा आणि भिंग डोळ्याजवळ ठेवून वस्तू भिंगाकडे आणा.

हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या कापात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. इंग्रजी पुस्तकांत त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. सुळा म्हणजे दातच. त्यात सूक्ष्म नलिका आतून बाहेरच्या दिशेने लाटांसारख्या मांडलेल्या असतात आणि त्या मांडणीमुळे ही जाळी उमटते. चादरीची वीण तिरक्या उजेडात धरल्यावर दिसते, साधारण तसं, फक्त रेषा सरळ नसून बाकदार आणि चौकटी सगळ्या सारख्या नसलेल्या. बाहेरच्या कडेकडे कोन जास्त उघडे असतात, आत जाल तसे ते अरुंद होत जातात. वस्तू हळूहळू फिरवली की जाळी कधी ठळक होते, कधी विरते. ही जाळी स्पष्ट दिसली तर पुढचं काही करायची गरज नाही. वस्तू हस्तिदंताची आहे.

जाळी आडव्या कापातच दिसते. उभ्या कापात, म्हणजे सुळ्याच्या लांबीच्या बाजूला, हस्तिदंतावर नुसत्या समांतर, किंचित लहरी रेषा दिसतात. त्यामुळे एका बाजूला समांतर रेषा बघून ‘जाळी नाही, म्हणजे हस्तिदंत नाही’ असं म्हणू नका. त्याला काटकोनात असलेली बाजू शोधून बघा. पातळ पत्री किंवा बारीक मणी असेल तर जाळी अजिबात न दिसण्याचीही शक्यता असते. जाळी दिसणं हा पक्का पुरावा, न दिसणं हा पुरावा नव्हे.

एक फसवणूक इथे ठाऊक असायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सेल्युलॉइडच्या फण्या, आरशाच्या मुठी, डब्या मुद्दाम हस्तिदंतासारख्या रेषा घालून बनवल्या जात. त्या रेषा सरळ, समान अंतरावर, पट्टीने ओढल्यासारख्या असतात आणि त्यांची जाळी कुठेच होत नाही. सगळ्या बाजूंनी अगदी नेमक्या रेषा दिसल्या तर वस्तू कारखान्यातली आहे असं समजा. अंगठ्याने जोरात घासून वास घेतला तर बहुतेक वेळा कापूर येतो, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो.

हाड कसं दिसतं

काकूंचे फासे मी आधी हातात घेतले. चार बाजूंचे, करंगळीएवढे लांब, ठिपक्याभोवती वर्तुळ कोरलेले. लांब बाजूवर भिंग धरल्यावर बारीक तपकिरी रेघा दिसल्या. पण त्या सलग नव्हत्या, तुटक होत्या, पेन्सिलीचे हलके फटकारे मारावेत तशा एकाच दिशेला. मग टोकाची लहान चौकोनी बाजू पाहिली. तिथे रेघांच्या जागी ठिपके होते, सुईच्या टोकाएवढे, काळपट.

हे हाडाचं लक्षण. जिवंत हाडातून रक्तवाहिन्या जातात. त्यांच्या नळ्या हाडाच्या लांबीच्या दिशेने असतात. जनावर मेल्यावर त्या रिकाम्या होतात आणि वर्षानुवर्षं हाताळताना त्यात तेल आणि मळ बसतो. आडव्या कापात त्यांचे ठिपके दिसतात, उभ्या कापात तुटक रेघा. हस्तिदंतात अशा रक्तवाहिन्यांच्या नळ्या नसतात, म्हणून तो भिंगाखालीही घट्ट आणि गुळगुळीत दिसतो. लांब बाजूला तुटक रेघा आणि टोकाला ठिपके असे दोन्ही जुळले, तर हाडाबद्दल शंका उरत नाही.

आकारही मदत करतो. बैल, म्हैस किंवा उंटाच्या पायाच्या हाडाची भिंत जाड नसते, आत मज्जेची पोकळी असते. त्यामुळे हाडाच्या भरीव वस्तू लहान असतात. मोठी वस्तू हाडाची असेल, तर ती तुकडे जोडून केलेली असते आणि सांधे नक्षीत लपवलेले असतात. मुठीएवढी, सांधा नसलेली, भरीव मूर्ती हाडाची असणं जवळजवळ अशक्य. तिथे प्रश्न हस्तिदंत की रेझिन एवढाच राहतो.

नवं, ब्लीच करून पॉलिश केलेलं हाड मात्र अवघड जातं. त्याच्या नळ्यांत मळ नसतो, कधी मेण भरलेलं असतं. अशा वेळी न घासलेली आतली बाजू शोधावी. खोल कोरलेल्या भागाच्या तळाशी नळ्या सहसा उघड्या सापडतात.

हाड नेमकं कुठल्या जनावराचं, हे भिंगाने सांगता येत नाही. बाजारातलं बहुतेक कोरीवकाम म्हशीच्या किंवा उंटाच्या हाडाचं असतं.

गणपती आणि वजनाची कसोटी

घरच्यांचा सगळ्यात जास्त जीव गणपतीवर होता. तळ पाहिला तर तो सपाट, किंचित खडबडीत, रेषा नाहीत, ठिपके नाहीत. दोन ठिकाणी मात्र गोल खळगे होते. रेझिन साच्यात ओतताना अडकलेली हवा असे खळगे सोडते. कानापासून खांद्यापर्यंत केसासारखी उंचावलेली रेघ जात होती, ती साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्याची. आणि खाचांतला तपकिरीपणा सगळीकडे एकसारखा. जिथे हात कधी पोचत नाही आणि जिथे रोज पोचतो, त्या दोन्ही जागा सारख्याच ‘जुन्या’. खऱ्या वापराने मळ असा बसत नाही. तो रंग आहे, ओला असताना लावून वरून पुसलेला.

एवढं पाहिल्यावर वजनाची कसोटी घेतली. ही कसोटी भिंगाने वस्तू रेझिनची वाटत असेल तेव्हाच घ्यायची, हस्तिदंताची शंका असेल तर वस्तू पाण्यात घालायची नाही. आधी वस्तू कोरडी तोलायची. गणपती ८६ ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करायचा. वस्तूला दोरा बांधून ती पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, अशी हाताने लटकत धरायची. आता काटा जो आकडा दाखवतो, तितके घनसेंटिमीटर वस्तूचं आकारमान. आमच्या काट्याने ६८ दाखवले. ८६ भागिले ६८, म्हणजे सुमारे १.२६.

हस्तिदंताची घनता साधारण १.७ ते १.९ असते, हाडाची २ च्या आसपास. साधं रेझिन आणि जुने प्लॅस्टिक १.१ ते १.४ मध्ये येतात. १.२६ म्हणजे गणपती हस्तिदंताचा नाही आणि हाडाचाही नाही.

कसोटीची मर्यादाही बघा. रेझिनमध्ये दगडाची भुकटी किंवा हाडाची पूड मिसळली की घनता हवी तेवढी वाढवता येते. म्हणून १.३ आलं तर निकाल खात्रीचा, १.८ आलं तर निकाल काहीच नाही. हस्तिदंत आणि हाड यांना वेगळं काढायला ही कसोटी उपयोगाची नाही, ते काम तळाच्या रेषा आणि ठिपक्यांचंच. मूर्ती आतून पोकळ असेल आणि आत हवा अडकली असेल तरी आकडा चुकतो.

जांभळा टॉर्च असेल तर अंधाऱ्या खोलीत तिन्ही वस्तू शेजारी ठेवून पाहा. हस्तिदंत आणि हाड निळसर पांढरे उजळतात, रेझिन बहुधा मंद किंवा वेगळ्याच रंगाचं दिसतं. वॉर्निश असेल तर हे सगळं बिघडतं. ही जोडीची खूण समजावी, निर्णय तिच्यावर करू नये.

तापलेली सुई टोचायचा सल्ला मात्र कुणी दिला तरी ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. हाड आणि हस्तिदंत दोन्हींना जळक्या केसांसारखाच वास येतो, म्हणजे ज्या दोघांत फरक करायचा त्यांच्यातच तो होत नाही. वस्तूवर कायमचा डाग पडतो, तो वेगळाच.

करंडा

शेवटी करंडा. त्याचा तळ वेगळा बसवलेला होता, पण झाकणाचा काठ आडव्या कापाचा होता. टॉर्च बाजूने धरला आणि काठावर जाळी उमटली, बाहेरच्या कडेला उघडी, आत दाटलेली. करंडा पूर्ण गोल नव्हता, थोडा लंबगोल होता. सुळा मुळाकडे पोकळ असतो आणि त्याचा छेद बहुधा लंबगोल असतो, अशा डब्या त्याच भागातून कापतात. बाहेरच्या अंगाला लांबीच्या दिशेने दोन बारीक तडे होते, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेने पडलेले. शंकेला जागा नव्हती.

काकू म्हणाल्या, ‘अहो, माझ्या सासूबाईंच्या आधीपासून घरात आहे. आमची वस्तू आम्ही विकायला काय हरकत?’

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो.

कायदा काय अडवतो आणि का

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. हत्ती १९७७ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. १९८६ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांच्या वस्तूंचा व्यापार बंद केला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या, म्हणजे आफ्रिकी हस्तिदंताचाही. त्याआधी दुकानांत हस्तिदंत उघड विकला जाई, त्यामुळे आजोबांची पावती खरी असू शकते. त्या पावतीने त्यांची तेव्हाची खरेदी सिद्ध होईल, आजची विक्री नाही. कलम ४३ प्रमाणे अशी वस्तू विकता येत नाही, विक्रीला ठेवता येत नाही आणि पैशाच्या मोबदल्यात दुसऱ्या कुठल्याही रीतीने देता येत नाही. मालकी प्रमाणपत्र असलं तरी नाही. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. वस्तू कायदेशीरपणे ताब्यात आहे हे दाखवण्याची जबाबदारीही ज्याच्याकडे ती सापडते त्याच्यावर येते.

शंभर वर्षांहून जुन्या हस्तिदंताला अमेरिकेच्या किंवा ब्रिटनच्या कायद्यात काही मर्यादित सवलती आहेत. परदेशी लिलावांचे आकडे बघून आपल्याकडे किंमती सांगितल्या जातात, त्या इथे लागू नाहीत. आपल्या कायद्यात वयाची सवलत नाही. त्याचं कारण वर केलेल्या तपासणीतच आहे. भिंगाने पदार्थ कळतो, वय कळत नाही. नव्या हस्तिदंताला चहाच्या पाण्याने आणि धुराने महिनाभरात शंभर वर्षांचा रंग देता येतो. जुन्याची विक्री चालू ठेवली, तर काल मारलेल्या हत्तीचा सुळा उद्या ‘आजीचा करंडा’ म्हणून बाजारात येईल आणि दुकानदार, गिऱ्हाईक, पोलीस यांपैकी कुणालाही तो ओळखता येणार नाही. कार्बनच्या तपासणीने वय काढता येतं, पण ते प्रयोगशाळेचं काम. मला हा कायदा कडक वाटतो आणि तो तसाच असायला हवा असंही वाटतं.

‘हा हत्तीचा नाही, बर्फात सापडलेल्या मॅमथचा आहे’ ही आणखी एक पळवाट सांगितली जाते. मॅमथच्या सुळ्यातही जाळी असते, फक्त बाहेरच्या कडेचे कोन अरुंद असतात, आणि जाणकार ते मोजून फरक सांगतात. भारतात त्या मोजणीने सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही बंदी मॅमथच्या हस्तिदंतालाही लागू असल्याचा निर्णय दिला आहे.

मग करंड्याचं करायचं काय

वारसाने आलेली वस्तू जवळ ठेवायला कायदा वाट देतो. वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे लेखी घोषणा करायची असते. पडताळणी होऊन मालकी प्रमाणपत्र मिळू शकतं. महाराष्ट्राचं हे कार्यालय नागपूरला आहे, पण चौकशीची सुरुवात सोलापूरच्या उपवनसंरक्षक कार्यालयातून करावी. आधीच्या पिढीने काही नोंद केली होती का, तेही घरच्या कागदांत शोधा. २००३ मध्ये अशा वस्तू जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची मुभा दिली होती, तेव्हाची पोचपावती एखाद्या फाईलमध्ये असू शकते.

मुदत उलटून गेली असेल, आणि बहुतेक घरांत ती उलटलेलीच असते, तर आधी वन्यजीव कायद्याची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला भेटा आणि त्यांच्या सल्ल्याने अर्ज करा. अर्जात वस्तूचं वर्णन, मापं, वजन, चारही बाजूंचे फोटो, ती कुणाकडून आणि कधी आली, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडा. प्रमाणपत्र असलेल्यांना वस्तू नको असेल, तर कलम ४२ अ प्रमाणे सात कामाच्या दिवसांची नोटीस देऊन ती शासनाकडे जमा करता येते. मोबदला मिळत नाही.

भाच्याला भेट देऊन मोकळं होणंही सोपं नाही, कारण वारसाखेरीज दुसऱ्या मार्गाने अशी वस्तू घेणाऱ्याला प्रमाणपत्राशिवाय ती ठेवता येत नाही. आणि घाबरून ती जाळू नका, तलावात टाकू नका. तसं केल्याने पुरावा नष्ट केल्याचा आरोप वाढतो.

काकूंनी वकिलाला भेटून अर्ज दिला आहे. करंडा कपाटात आहे, फोटो ग्रुपवरून काढला आहे.

उरलेल्या दोन वस्तू

हाडाचे फासे विकता येतात. पण ते शंभर वर्षांहून जुने पुरावस्तू ठरत असतील, तर १९७२ चाच पुरावस्तूंचा कायदा लागू होतो. अशी वस्तू परदेशी पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला टपालाने पाठवायचा विचार असेल, तर वय आधी तपासून घ्या. फोटो देताना टोकाच्या ठिपक्यांचा एक जवळून काढलेला फोटो जरूर द्या. जाणता गिऱ्हाईक तोच मागतो आणि वनखात्याकडून विचारणा झाली तरी तोच उपयोगी पडतो. हाडाबद्दलच शंका असेल तर विक्री थांबवा, कारण हत्तीच्या हाडाच्या वस्तूंनाही हाच वन्यजीव कायदा लागू आहे.

गणपती बिनदिक्कत विका, फक्त त्याला हस्तिदंती म्हणू नका. ‘आयव्हरी फिनिश’, ‘हस्तिदंती लूक’ असले शब्दही टाळा. शोधणाऱ्याला तेवढेच दिसतात आणि चौकशी मागे लागते. शिवाय कुणी हस्तिदंत समजून पैसे मोजले तर फसवणुकीची तक्रार वेगळी. काकूंच्या मुलाने अखेर लिहिलं ते असं : ‘रेझिनची साच्यातली गणेशमूर्ती, उंची ४ इंच, वजन ८६ ग्रॅम, तळाला दोन खळगे, हस्तिदंत किंवा हाड नाही.’